गोधड्या विकल्या जातात, पण मजुरी निघत नाही: ऑनलाइन किमतीचा हिशोब नेमका कुठे चुकतो

धायरीला राहणाऱ्या माझ्या वहिनी आणि त्यांच्या दोन शेजारणी मिळून बाळांच्या गोधड्या हाताने शिवतात व एका ऑनलाइन बाजारपेठेवर विकतात. गेल्या वर्षभरात त्यांनी एका गोधडीची किंमत ९५० रुपयांवरून १,००० आणि तिथून १,०५० रुपयांवर नेली, परंतु दर तीन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन त्या माझ्याकडे येत राहिल्या. “भावोजी, ऑर्डरी येतात, खात्यात पैसेही दिसतात, मग तिघींत वाटायची वेळ आली की हात आखडता का घ्यावा लागतो?” किंमत वाढवूनही हा प्रश्न परत परत उभा राहत असेल, तर दोष किमतीच्या आकड्यात नसून तो आकडा काढण्याच्या पद्धतीत आहे असे समजावे. आमच्या बाबतीत तसेच निघाले.

प्रथम तोटा आहे हे ओळखायचे कसे ते सांगतो, कारण तो सहजासहजी दिसत नाही. १,०५० रुपयांच्या एका गोधडीमागे बाजारपेठेकडून साधारण ६९५ रुपये जमा होत होते. रविवार पेठेतून आणलेल्या कापडाचे व दोऱ्याचे मिळून २१० रुपये गेले, वेष्टनाचे ३२ गेले, तरी साडेचारशेच्या वर रक्कम उरते, म्हणून धंदा बरा चालला आहे असे वाटते. पण ती गोधडी शिवायला आठ तास लागतात. तासाला ६० रुपये या ठरवलेल्या दराने मजुरी ४८० रुपये होते, आणि उरलेल्या रकमेतून ती पुरी निघत नाही. खात्यात कधीच उणे आकडा येत नाही, कारण तूट मुकाट्याने शिवणारीच्या मजुरीतून वळती होत असते. “घरच्या घरी तर बसून शिवतो, त्याची कसली मजुरी?” हे वाक्य मी तिघींच्याही तोंडून ऐकले आहे. माझ्या मते चुकीच्या किमतीला सर्वांत जास्त आधार या वाक्याचाच मिळतो. मजुरी हा खर्च आहे आणि नफा त्याच्यावर मोजायचा आहे, एवढे मान्य केल्याशिवाय पुढचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

जुना हिशोब

वहिनींची पद्धत वरवर पाहता निर्दोष होती. गोधडी ९० बाय ११० सेंटिमीटरची. वरच्या-खालच्या थरांना नवे सुती कापड, आत उकळून वाळवलेल्या जुन्या सुती साड्यांचे थर, आणि दोन-दोन बोटांच्या अंतरावर धावदोरा. कापड-दोरा २१० आणि मजुरी ४८०, असे ६९० रुपये. वेष्टनाचे ३२ धरून ७२२. बाजारपेठेचे कमिशन १५ टक्के, म्हणून ७२२ वर १५ टक्के काढून १०८ रुपये मिळवले. पाठवणीचा खर्च पहिल्या दरपत्रकात पाहिल्याप्रमाणे ७० रुपये आणि नफा १५० रुपये. बेरीज १,०५० च्या आसपास आली आणि तीच किंमत ठरली.

यात अनेक चुका आहेत. पहिली चूक अशी की कमिशन विक्रीच्या किमतीवर आकारले जाते, खर्चावर नव्हे. १,०५० चे १५ टक्के १५७.५० रुपये होतात, १०८ नव्हेत. शिवाय बाजारपेठ आपल्याला सेवा देते, म्हणून कमिशन, प्रत्येक ऑर्डरीमागचे ठरावीक शुल्क आणि पाठवणीचा आकार या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. आमच्या बाजारपेठेचे ठरावीक शुल्क २५ रुपये आहे, आणि ते जुन्या हिशोबात कुठेच नव्हते. पाठवणीचे ७० रुपये धरले होते, तर प्रत्यक्षात सरासरी ११८ रुपये कापले जात होते. तिन्ही मिळून ३००.५० रुपये, त्यावर जीएसटी ५४.०९, म्हणजे एकूण कपात ३५४.५९ रुपये. हाती आले ६९५.४१ रुपये आणि खर्च होता ७२२. नफा सोडाच, प्रत्येक गोधडीमागे साडेसव्वीस रुपयांचा खड्डा पडत होता, आणि त्यात परत आलेल्या मालाचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट करतो. वहिनींची जीएसटी नोंदणी नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्यांना नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्याच राज्यापुरती ऑनलाइन बाजारपेठेवर वस्तूंची विक्री करता येते. त्याप्रमाणे त्या फक्त महाराष्ट्रात विकतात. अशा विक्रेत्याला शुल्कांवरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही, म्हणून तो खराखुरा खर्च आहे. नोंदणी असलेल्याला त्याची वजावट मिळते, पण त्याला आपल्या वस्तूवरचा जीएसटी विक्रीच्या किमतीतूनच भरावा लागतो, त्यामुळे त्याचे सूत्र वेगळे होते. नोंदणीकृत विक्रेत्याच्या जमेतून बाजारपेठ जीएसटीपोटी अर्धा टक्का टीसीएस कापते आणि प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का टीडीएसही कापला जातो. ही रक्कम सरकारकडे आपल्या नावावर जमा होते, तिला खर्च समजून किमतीत मिळवू नये.

किंमत उलट दिशेने काढावी

कमिशन किमतीवर अवलंबून आणि किंमत कमिशनवर अवलंबून, असा हा गुंता असल्यामुळे वरून टक्के मिळवत जाण्याने तो सुटत नाही. शंभर रुपयांच्या विक्रीतून आपल्या हातात किती राहतात, हे आधी पाहावे. १५ टक्के कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून १७.७ टक्के होतात, म्हणजे शंभरातले ८२.३० रुपयेच आपले. किंमत ५० रुपयांनी वाढवली की हाती ४१ रुपयेच जास्त येतात; वहिनींच्या दोन वाढी अपुऱ्या पडल्या त्याचे हेही एक कारण. म्हणून किमतीबरोबर न बदलणारे सगळे खर्च आणि हवा तो नफा यांची बेरीज करून तिला ०.८२३ ने भागावे. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र असे लिहिले:

```
=(B1+B2+B3*1.18+B4+B5)/(1-B6*1.18)
```

येथे B1 मध्ये कापड आणि मजुरी, B2 मध्ये वेष्टन, B3 मध्ये ठरावीक शुल्क व पाठवणी यांची बेरीज, B4 मध्ये परतीच्या मालाचा भार, B5 मध्ये नफा आणि B6 मध्ये कमिशनचा दर (15% असा) भरायचा. सूत्र सोपे आहे. खरी मेहनत B3 आणि B4 मध्ये प्रामाणिक आकडे भरण्यात आहे, आणि आमचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

पाठवणीचे ७० रुपये ११८ कसे झाले

सुरुवातीला आम्हांला वाटले की लांबच्या ऑर्डरींमुळे आकार वाढत असावा. म्हणून जमा रकमेचा तपशील उतरवून घेतला आणि फक्त पुण्यातल्या पुण्यात गेलेल्या ऑर्डरी वेगळ्या काढल्या. अंतर सारखेच, वस्तू तीच, तरीही काही पार्सलांना दुसऱ्यांपेक्षा जास्त आकार लागलेला होता. अशी तफावत दिसली की वजनाच्या टप्प्याकडे पाहावे.

गोधडीचे वजन ७०० ग्रॅम. वहिनींनी दरपत्रकातला पहिला, म्हणजे अर्ध्या किलोचा दर पाहून ७० रुपये धरले होते, ही एक चूक झाली. त्याहून मोठी चूक खोक्याची होती. कुरिअर कंपन्या काट्यावरचे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. आकारमानाचे वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात; काही ठिकाणी भाजक वेगळा असतो, तो आपल्या दरपत्रकात पाहून घ्यावा. बोहरी आळीतून आणलेले आमचे देखणे खोके ३२ बाय २६ बाय १० सेंटिमीटरचे होते. गुणाकार ८,३२०, म्हणजे १.६६ किलो, आणि आकारणी दोन किलोच्या टप्प्याने. पाऊण किलोच्या गोधडीसाठी आम्ही दोन किलोचे भाडे भरत होतो आणि त्यातली निम्मी जागा हवेची होती. ज्या थोड्या ऑर्डरी खोकी संपल्यामुळे साध्या पाकिटातून गेल्या होत्या, त्यांनाच नेमका कमी आकार लागला होता.

खोके सोडून पाकीट घ्यायचे ठरले, तेव्हा पहिल्या प्रयत्नात पुन्हा फसगत झाली. गोधडी दाबून पाकिटात भरताना जाडी सहा सेंटिमीटर भरली, पण सुती थर रात्रभरात फुगले आणि सकाळी मध्यभागी नऊ सेंटिमीटरचा उंचवटा आला. कुरिअरच्या केंद्रावरचे यंत्र सर्वांत उंच जागाच मोजते. त्यामुळे आता घडीच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा ठेवून सुती पट्टीने घट्ट बांधतात, मग पाकिटात घालतात, आणि माप दुसऱ्या दिवशी घेतात. आता पाकीट ३० बाय २५ बाय ६ सेंटिमीटरचे आहे. आकारमानाचे वजन ०.९ किलो, काट्यावर ७६० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा टप्पा. याहून खाली जाणे शक्य नाही, कारण गोधडीचेच वजन अर्ध्या किलोच्या वर आहे. पातळ पाकिटाच्या मागे लागून पुठ्ठा काढून टाकणे म्हणजे नसती उठाठेव ठरेल. वेष्टनाचा खर्च ३२ रुपयेच राहिला, पण पाठवणीची सरासरी ११८ वरून ८४ वर आली. पुणे, सोलापूर, नागपूर अशा वेगवेगळ्या अंतरांच्या ऑर्डरी ज्या प्रमाणात जातात त्याच प्रमाणात धरून ही सरासरी काढली आहे. नुसता जवळचा दर धरला तर नागपूरची प्रत्येक ऑर्डर अंगावर येते.

इतके करूनही एखाद्या पार्सलाला जास्त वजन लावले जातेच. त्यासाठी वहिनी प्रत्येक पाकिटाचा काट्यावर ठेवलेला एक आणि मोजपट्टी लावलेला एक असे दोन फोटो ऑर्डर क्रमांकासह काढून ठेवतात. तक्रार करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून तपशील महिन्याने नव्हे, दर आठवड्याला पाहावा लागतो.

परत आलेल्या मालाचा भार

जमा रकमेच्या तपशिलात “आरटीओ” हा शब्द पाहून वहिनींना संगम पुलाजवळचे कार्यालय आठवले आणि पार्सलाच्या गाडीला दंड झाला की काय, असे त्यांनी विचारले. हा आरटीओ निराळा: ग्राहकाने पार्सल घेतलेच नाही, म्हणून ते पाठवणाऱ्याकडे परत आले. घरपोच रोख पैसे देण्याच्या ऑर्डरींत हा प्रकार अधिक होतो. दुसरा प्रकार म्हणजे ग्राहकाने घेऊन, उघडून, मग परत पाठवलेला माल. दोन्हींना एकच समजू नये, कारण खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तीन महिन्यांत ६० गोधड्या पाठवल्या. त्यांपैकी ७ दारातूनच परतल्या, ४ उघडून परत आल्या आणि ४९ ग्राहकांकडे राहिल्या. आमच्या बाजारपेठेत न स्वीकारलेल्या पार्सलाला पाठवणीचा आकार लागत नाही, त्यामुळे खर्च फक्त वाया गेलेल्या वेष्टनाचा ३२ रुपये आणि तपासून पुन्हा घडी घालण्याचा २० रुपये, सातांचे ३६४. उघडून परत आलेल्यांचे कमिशन परत मिळते, पण जाण्याचे ८४ व येण्याचे १२६ रुपये जीएसटीसह २४७.८० होतात. त्यात वेष्टनाचे ३२ आणि धुण्या-इस्त्रीचे ४० मिळवले की एकीमागे ३१९.८०, चारांचे १,२७९.२०. चारांपैकी एकीवर डाग पडला होता. बाळाची वस्तू असल्यामुळे ती नवी म्हणून पुन्हा विकणे वहिनींना मान्य नव्हते, आणि ते योग्यच झाले. तिचे ६९० रुपये बुडाले. सगळे मिळून २,३३३.२० रुपये.

आता ही रक्कम कशाने भागायची, येथे अनेकांचे चुकते. ६० ने भागली तर ३९ रुपये येतात आणि आकडा बरा वाटतो. परंतु परत आलेल्या अकरा गोधड्यांनी एक रुपयाही मिळवून दिलेला नाही; त्यांचा भार उरलेल्या ४९ गोधड्याच उचलणार आहेत. म्हणून ४९ ने भागून सुमारे ४८ रुपये हा खरा भार. साठ हा लहान नमुना आहे, एखाद्या महिन्यात दोन-चार पार्सले जास्त परतली तर आकडा सहज हलतो, म्हणून तो दर तिमाहीला पुन्हा काढायचे ठरवले आहे. जाता जाता हेही दिसले की चारांपैकी दोघींनी “वाटली त्यापेक्षा लहान आहे” असे कारण दिले होते. आता फोटोत गोधडीशेजारी मोजपट्टी दिसते आणि मापही पहिल्याच ओळीत लिहिलेले असते.

नवी किंमत आणि तिची खालची मर्यादा

सगळे आकडे सूत्रात घातले: ६९०, वेष्टन ३२, ठरावीक शुल्क व पाठवणी १०९ (जीएसटीसह १२८.६२), परतीचा भार ४८ आणि नफा १५०. बेरीज १,०४८.६२, तिला ०.८२३ ने भागल्यावर १,२७४ रुपये. किंमत १,२७९ ठेवली. आलेली किंमत कमिशनच्या दुसऱ्या टप्प्यात जात नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. जात असेल तर नवा दर घालून सूत्र पुन्हा चालवावे.

याच सूत्रात नफ्याच्या जागी शून्य घातले की १,०९२ रुपये येतात. हा आकडा वहिनींनी शिवणाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवला आहे, कारण सणासुदीच्या सवलतीत सामील व्हा असे निमंत्रण आले की निर्णय त्यावरूनच घ्यायचा असतो. १० टक्के सवलत दिली तर किंमत १,१५१ होते आणि १५४ रुपयांच्या नफ्यातले ४९ च शिल्लक राहतात. म्हणजे किमतीत दहावा हिस्सा सोडला की नफ्याचे दोन हिस्से जाऊन एकच उरतो. १४ टक्क्यांपर्यंत मजुरी सुरक्षित राहते. १५ टक्क्यांना किंमत १,०८७ होते आणि पुन्हा शिवणाऱ्यांच्या पदरात हात जातो. सवलतीचा भार बाजारपेठ उचलणार की विक्रेता, हे निमंत्रणाच्या अटींत लिहिलेले असते. विक्रेत्यावर असेल तर हीच मर्यादा लागू होते.

वहिनींची शंका अर्थातच अशी होती की, “१,२७९ ला कोण घेईल?” शंका रास्त आहे. मजुरीचा दर कमी करणे हा त्यावरचा उपाय मला मान्य नव्हता, म्हणून ऑर्डरीमागे एकदाच पडणारे खर्च दोन गोधड्यांत वाटून पाहिले. दोन गोधड्या एका पाकिटात ३० बाय २५ बाय १२ सेंटिमीटरमध्ये मावतात, १.८ किलो, म्हणजे दोन किलोचा टप्पा आणि ११८ रुपये पाठवणी. ठरावीक शुल्क एकदाच, वेष्टन ४० रुपयांत. कापड-मजुरी १,३८०, वेष्टन ४०, शुल्क व पाठवणी जीएसटीसह १६८.७४, परतीचा भार दुप्पट धरून ९६ आणि नफा ३००, बेरीज १,९८४.७४, भागाकार २,४१२. म्हणजे नफा तेवढाच ठेवून एक गोधडी १,२०६ रुपयांना पडते, एकेरीच्या १,२७४ पेक्षा ६८ रुपये स्वस्त. बारशाला भेट देणारे जोडी पसंत करतील असा वहिनींचा अंदाज आहे. जोडी परत आली तर मात्र एकदम दोन गोधड्यांचे नुकसान होते, म्हणून जोडीच्या परतीची नोंद त्यांनी वेगळ्या रकान्यात ठेवायला घेतली आहे, आणि पहिल्या तिमाहीचे आकडे येईपर्यंत ९६ हा माझा अंदाजच समजावा.

नव्या किमतीच्या पहिल्या दहा ऑर्डरींची जमा आम्ही एकेक करून ताडून पाहिली. ७६० ग्रॅमच्या पाकिटाला दोन किलोचा आकार लावलेली एकच ऑर्डर त्यांत निघाली; काट्याचा आणि मोजपट्टीचा फोटो जोडून तिची तक्रार त्याच दिवशी नोंदवली.